यादीतल्याच फोनना वायफाय: मॅक फिल्टरच्या भरवशावर किती राहायचं?

प्रश्न: नमस्कार सर. मी घरी आठवी ते दहावीचे क्लास घेते. वायफायचा पासवर्ड सगळ्या मुलांना माहीत झाला होता, सारखा बदलायचा कंटाळा आला होता. माझ्या भाच्याने राउटरमध्ये मॅक फिल्टर लावला, घरातल्या नऊ वस्तूंची यादी भरली आणि पासवर्ड काढून टाकला. “यादीत नाही तो येऊच शकत नाही, मावशी,” म्हणाला. आता मिस्टरांचा आयफोन दर पंधरा-वीस दिवसांनी बाहेर फेकला जातो, पुन्हा यादीत घालावा लागतो. आणि परवा रात्री क्लासचा टॅबलेट कपाटात होता, तरी राउटरच्या पानावर तो जोडलेला दिसत होता. यादी असताना कोणी आत येऊ शकतं का?
– एक शिक्षिका, कोल्हापूर

उत्तर: हो ताई, येऊ शकतं, आणि त्याला फार हुशारीही लागत नाही. टॅबलेटचं काय झालं असेल ते पुढे शोधू. पण हे वाचून झालं की आजच पासवर्ड परत लावा. यादी ठेवली काय, काढली काय, त्याने फारसा फरक पडत नाही. बिघडलं आहे ते पासवर्ड काढल्यामुळे.

तुमच्या भाच्याने जी यादी भरली ती मॅक पत्त्यांची. वायफाय असलेल्या प्रत्येक वस्तूला कारखान्यातून असा एक पत्ता मिळतो. तो ४८ बिटांचा असतो आणि बारा अक्षर-अंकांच्या सहा जोड्यांत लिहितात. पहिल्या तीन जोड्या आयईईई ही संस्था त्या त्या कंपनीला नेमून देते, उरलेल्या तीन कंपनी स्वतः भरते. कागदावर हे पक्कं वाटतं, म्हणून लोक त्याला वस्तूची कायमची ओळख समजतात. पण राउटरला तो पत्ता कळतो तो समोरच्या वस्तूने सांगितला म्हणून. खरा की खोटा, हे तपासायची काही सोय राउटरकडे नाही. आलेला पत्ता यादीत आहे का एवढंच तो पाहतो. हजेरी घेताना मान खाली घालून फक्त “हजर” ऐकलं, तर प्रॉक्सी कशी लागते हे तुम्हाला मी सांगायला नको.

मग परक्याला यादीतला पत्ता कळतो कसा? इथे बहुतेकांची समजूत चुकते. त्यांना वाटतं यादी राउटरच्या आत आहे, राउटरला लॉगिन आहे, म्हणजे ती गुप्त आहे. राउटरमधली यादी गुप्त असेलही, पण त्यातले पत्ते दिवसभर हवेत फिरत असतात. तुमचा फोन वायफायवर माहितीचा जो प्रत्येक तुकडा पाठवतो, त्याच्या डोक्यावर पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा मॅक पत्ता लिहिलेला असतो, आणि हा भाग कधीच कुलूपबंद नसतो. पासवर्ड असला तरी नसतो. वायफायच्या सुरक्षेचा प्रकार डब्ल्यूपीए२ असो की नवीन डब्ल्यूपीए३, आतला मजकूर सांकेतिक होतो, वरचा पत्ता उघडाच राहतो. ही कोणाची हयगय नव्हे. हवेतून येणारा तुकडा आपल्यासाठी आहे का, आणि तो उघडायला कोणाची किल्ली वापरायची, हे राउटरला तुकडा उघडण्याच्या आधी कळायला हवं. त्यासाठी पत्ता उघडाच लागतो.

साधा फोन किंवा लॅपटॉप आपल्यासाठी नसलेले तुकडे टाकून देतो. पण वायफायच्या काही कार्डांना ‘मॉनिटर मोड’मध्ये टाकता येतं. मग ते कार्ड कुठल्याही नेटवर्कला न जोडता, आसपास जे काही चाललं आहे ते नुसतं ऐकत बसतं. त्यासाठी लागणारे प्रोग्राम फुकट आहेत आणि नेटवर्किंग शिकणारी मुलं ते अभ्यासात वापरतात. पडद्यावर एका बाजूला राउटरचा पत्ता दिसतो आणि समोर त्याला जोडलेल्या वस्तूंचे. म्हणजे तुमची ‘गुप्त’ यादी, त्यातली जी वस्तू त्या वेळी चालू असेल तिच्यापुरती, जिन्यात किंवा शेजारच्या गॅलरीत बसून वाचता येते. आणि ऐकणारा काहीच पाठवत नसल्यामुळे राउटरला त्याचा पत्ताही लागत नाही.

पुढची पायरी त्याहून सोपी आहे. आपल्या लॅपटॉपचा मॅक पत्ता बदलायला लिनक्सवर एक ओळ पुरते. विंडोजवर बऱ्याच कार्डांच्या सेटिंगमध्ये `Network Address` नावाची रिकामी चौकट असते, तिच्यात नवा पत्ता लिहायचा. राउटरच्या दृष्टीने तो लॅपटॉप आता तुमचा टॅबलेट झाला. नुसता अँड्रॉइड फोन घेऊन आलेल्या मुलाला मात्र हे सहसा जमत नाही, कारण रूट न केलेल्या फोनवर मनाला येईल तो पत्ता भरता येत नाही. म्हणजे संशयाचा घेरा तसा लहान आहे: लॅपटॉप असलेला आणि एखादी संध्याकाळ मोकळी असलेला कोणीही.

तुमच्या घरात तर हवेतलं ऐकत बसण्याचीही गरज नाही. क्लासचा टॅबलेट मुलांच्या हातात जातो. वायफायच्या सेटिंगमध्ये नेटवर्कच्या नावावर बोट ठेवलं की त्या नेटवर्कसाठी वापरला जाणारा पत्ता समोर येतो. त्याचा फोटो काढायला किती वेळ लागतो? जोडलेल्या लॅपटॉपवर तर ही एक आज्ञा दिली की त्या लॅपटॉपचं नुकतंच ज्यांच्याशी बोलणं झालं त्या वस्तूंचे पत्ते ओळीने येतात:

```
arp -a
```

म्हणजे टॅबलेट हाताळणाऱ्या एखाद्या मुलाने मित्राला आत घ्यायचं ठरवलं, तर यादी त्याला अडवत नाही.

ही युक्ती काही नवी नाही. २०१० च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या नेटवर्कवरून एरन स्वार्ट्झ या तरुणाने जेस्टोर या संग्रहातले शोधनिबंध मोठ्या प्रमाणावर उतरवून घेतले. विद्यापीठाने त्या लॅपटॉपचा मॅक पत्ता बंद केला. पुढे दाखल झालेल्या आरोपपत्रात म्हटलं आहे की त्याने पत्ता बदलला आणि तोच लॅपटॉप पुन्हा नेटवर्कवर आला. तिथे ‘हा पत्ता नको’ अशी यादी होती, तुमच्याकडे ‘एवढेच पत्ते चालतील’ अशी आहे. तुमच्या यादीतून आत यायला आधी एक चालणारा पत्ता मिळवावा लागतो, एवढीच जास्तीची मेहनत. आणि तो कुठे मिळतो ते वर आलंच आहे.

आता कपाटातल्या टॅबलेटकडे वळू. लगेच कोणावर संशय घेऊ नका, कारण याला अगदी निरुपद्रवी कारणंही असतात. एक म्हणजे, कपाटातला टॅबलेट बंद होता की नुसता पडदा विझला होता? पडदा विझलेला टॅबलेट वायफायला जोडलेलाच राहतो, मधूनमधून मेल आणि अपडेट तपासतो. दुसरं, राउटरच्या ज्या पानावर तुम्ही पाहिलंत ते पान कोणतं होतं? बऱ्याच राउटरवर `DHCP Client List` नावाचं पान असतं. राउटरने कोणाला कोणता आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा क्रमांक, दिला आणि तो कधीपर्यंत राखून ठेवला आहे, याची ती नोंद असते. ही मुदत पुष्कळदा चोवीस तासांची असते, त्यामुळे वस्तू निघून गेली तरी नाव तिथे दिवसभर राहतं. आत्ता कोण जोडलेलं आहे ते `Wireless Clients`, `Wireless Statistics` किंवा `Connected Devices` अशा पानावर दिसतं.

खात्री अशी करून घ्या. ही चाचणी मात्र फिल्टर आणि पासवर्डला हात लावण्याआधी करायची. टॅबलेट पूर्ण बंद करा, म्हणजे बटण दाबून `Power off`. मग राउटर बंद करून अर्ध्या मिनिटाने चालू करा. बहुतेक घरगुती राउटरची जोडलेल्यांची नोंद त्यामुळे पुसली जाते. दहा-पंधरा मिनिटं थांबा आणि दोन्ही पानं पाहा. रात्री ज्या वेळी टॅबलेट दिसला होता, त्या वेळी पुन्हा एकदा पाहा. टॅबलेट बंद असताना त्याचा पत्ता जोडलेल्यांत परत उगवला, तर कोणीतरी तो पत्ता घेऊन बसलं आहे. डीएचसीपीच्या पानावर पत्त्याशेजारी वस्तूचं नावही असतं, तेही वाचा. पत्ता टॅबलेटचा आणि नाव `DESKTOP-` ने सुरू होणारं असेल, तर तो बहुधा विंडोजचा संगणक आहे. नाव बरोबर असलं म्हणून निश्चिंत होऊ नका, कारण नावही ती वस्तूच सांगते.

आणखी एक खूण टॅबलेट चालू असतानाची. एकाच पत्त्याच्या दोन वस्तू एका वेळी जोडल्या गेल्या की राउटर गोंधळतो. एकाला पाठवायचं ते दुसऱ्याकडे जातं, दोघांचंही जोडणं तुटत राहतं. म्हणून चोरटा शहाणा असेल तर खरी वस्तू नसलेली वेळ पकडतो. क्लास सुटल्यानंतर, टॅबलेट कपाटात गेल्यावर. तुम्हाला तो नेमका रात्री दिसला, म्हणून चाचणी करून पाहाच म्हणतो. पण मी पैज लावायची झाली तर ‘पडदा विझला होता’ यावर लावीन.

मिस्टरांच्या आयफोनचं कोडं जास्त गमतीचं आहे, कारण ते पासवर्ड काढल्यामुळेच पडलं असावं. दुकानात, स्टेशनवर, मॉलमध्ये मॅक पत्त्यावरून माणसांचा माग काढता येतो, म्हणून गेल्या काही वर्षांत फोन कंपन्यांनी कारखान्यातला पत्ता वायफायला दाखवणंच थांबवलं. अँड्रॉइड १० पासून आणि आयफोनवर २०२० च्या आयओएस १४ पासून, प्रत्येक नेटवर्कसाठी फोन एक बनावट पत्ता तयार करतो आणि तोच सांगतो. आयओएस १८ मध्ये त्यात आणखी भर पडली. नेटवर्कच्या नावापुढच्या `i` वर बोट ठेवलं की `Private Wi-Fi Address` दिसतं आणि त्याला `Off`, `Fixed`, `Rotating` असे तीन पर्याय असतात. `Rotating` ठेवलं की पत्ता साधारण दोन आठवड्यांनी आपोआप बदलतो. पासवर्ड असलेल्या चांगल्या नेटवर्कवर फोन मुळात `Fixed` निवडतो, आणि उघड्या किंवा कच्च्या नेटवर्कवर `Rotating`. भाच्याने पासवर्ड काढला, फोनला नेटवर्क उघडं दिसलं, त्याने फिरता पत्ता घेतला, आणि पंधरा दिवसांनी तुमच्या राउटरला तो परका वाटला. तुम्ही पुन्हा यादीत घातलात, पुन्हा पंधरा दिवस. सेटिंगमध्ये जाऊन एकदा बघा, `Rotating` दिसेल असा माझा अंदाज आहे.

तुमच्या यादीतले असे बनावट पत्ते नुसत्या नजरेने ओळखता येतात. पत्त्यातलं दुसरं अक्षर पाहा. ते 2, 6, A किंवा E असेल, तर तो पत्ता कारखान्यातला नाही, फोनने स्वतः तयार केलेला आहे. उदाहरणार्थ:

```
3E:5B:07:91:C4:2A
```

यात दुसरं अक्षर E आहे, म्हणजे बनावट. नऊपैकी बहुतेक फोनांचे पत्ते असेच निघतील, टीव्ही आणि प्रिंटरचे निघणार नाहीत. अँड्रॉइडवर हा पत्ता नेटवर्कचं नाव आणि सुरक्षेचा प्रकार यांच्याशी बांधलेला असतो. त्यामुळे तुम्ही वायफायचं नाव बदललंत, तर ते फोनही नव्या पत्त्याने येतील आणि यादी त्यांना बाहेर ठेवील. म्हणजे मॅक फिल्टर आता चोरापेक्षा घरच्यांनाच जास्त अडवतो. पत्ता कधी बदलत नाही या गृहीतावर तो उभा होता, आणि ते गृहीत फोन बनवणाऱ्यांनीच मोडीत काढलं. फिल्टर चालावा म्हणून सगळ्यांना फोनमधलं खासगी पत्त्याचं सेटिंग बंद करायला लावणं, हा उलटा धंदा आहे. एक खरी सोय एका नावापुरत्या सोयीसाठी घालवायची.

आता पासवर्ड नसण्याबद्दल, कारण तुमचं खरं नुकसान तिथे आहे. कोण आत येणार एवढंच मॅक फिल्टर ठरवू पाहतो. हवेतून जाणारा मजकूर तो झाकत नाही. ते काम पासवर्डसोबत येणाऱ्या सांकेतिकीकरणाचं. बँकेची, मेलची पानं स्वतःचं कुलूप घेऊन येतात, त्यामुळे तिथले पासवर्ड कोणी सहज वाचू शकणार नाही. पण तुम्ही कोणकोणत्या साइटवर जाता हे बरंचसं दिसतं. आणि घरातल्या घरात चालणारी वाहतूक बहुधा उघडीच असते. तुमच्याकडे वायफायवरचा प्रिंटर असेल तर त्यालाही हे लागू आहे. चाचणीची प्रश्नपत्रिका लॅपटॉपवरून प्रिंटरला पाठवलीत, की ती बहुतेक घरगुती मांडणीत साध्या मजकुरासारखी जाते. नेटवर्कला पासवर्ड नसेल तर ती गॅलरीतून उचलता येते, आणि उचलणाऱ्याला यादीत नसण्याची काही अडचण येत नाही, कारण त्याला आत यायचंच नाही.

उघड्या वायफायचा दुसरा धोका महाराष्ट्राने पाहिलेला आहे. २६ जुलै २००८ ला अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांआधी काही मिनिटं जो धमकीचा ईमेल गेला, त्याचा माग नवी मुंबईत सानपाड्याला एका घरातल्या असुरक्षित वायफायपर्यंत लागला. त्या घरात राहणाऱ्याचा त्याच्याशी संबंध नव्हता, पण पोलीस आधी त्याच्याच दारात आले. तुमच्या जोडणीवरून जे जातं ते बाहेरच्या जगाला तुमच्या नावावर दिसतं, आणि मॅक पत्ता तर तुमच्या राउटरच्या पुढे जातच नाही. त्यामुळे नंतर “हा पत्ता आमच्या टॅबलेटचा नव्हता” हे दाखवणंही कठीण.

तर आता काय करायचं. राउटरला तारेने जोडलेला लॅपटॉप असेल तर उत्तम, कारण सुरक्षेचा प्रकार बदलताच अँड्रॉइड फोनांचे पत्ते बदलू शकतात आणि फिल्टर चालू असेल तर तुम्ही स्वतःच बाहेर राहाल. तार नसेल तर आधी फिल्टर बंद करा आणि लगोलग पासवर्ड लावा, मधली चार मिनिटं उघडं राहिलं तरी चालेल. राउटरच्या पानावर (बहुधा `192.168.1.1` किंवा `192.168.0.1`, नक्की कोणतं ते राउटरच्या खालच्या चिकटपट्टीवर असतं) `Wireless` मध्ये `Security` शोधा. तिथे `WPA2-PSK` आणि `AES` निवडा. `WPA2/WPA3` असा मिश्र पर्याय असेल तर तो घ्या, जुना टीव्ही किंवा प्रिंटर जोडला जात नसेल तरच मागे या. `WEP` आणि `TKIP` हे जुने, कच्चे प्रकार कुठे दिसले तर त्यांच्या वाटेला जाऊ नका.

पासवर्ड ८ ते ६३ अक्षरांचा असू शकतो, आणि इथे लांबीच कामाला येते. एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच मराठी शब्द रोमन लिपीत सलग लिहा. घराचं नाव, मुलांची नावं, मोबाइल नंबर नको. कारण असं आहे: डब्ल्यूपीए२ मध्ये एखादा फोन जोडला जाताना राउटरशी जी देवाणघेवाण होते, ती कोणी टिपून घेतली तर तो घरी जाऊन निवांतपणे लाखो पासवर्ड ताडून पाहू शकतो. त्या वेळी तो तुमच्या राउटरशी बोलतच नसतो, मग तिथे कुठलाही फिल्टर काय करणार? लांब पासवर्ड मात्र त्याची ही सगळी मेहनत वाया घालवतो.

आणि हा पासवर्ड मुलांना द्यायचा नाही. तुमच्या सगळ्या घोळाचं मूळ इथे होतं, ते यादीने सुटणारं नव्हतं. डब्ल्यूपीए२ मध्ये पासवर्ड माहीत असलेला माणूस नुसता इंटरनेट वापरत नाही. तुमचा फोन जोडला जातानाची देवाणघेवाण त्याच्या हाती लागली, तर तुमच्या फोनची वाहतूकही तो उलगडू शकतो. डब्ल्यूपीए३ ने ही वाट बंद केली आहे, पण घरातल्या सगळ्या वस्तू त्यावर यायला अजून वेळ आहे. म्हणून मुलांसाठी वेगळं गेस्ट नेटवर्क चालू करा, वेगळं नाव आणि वेगळा पासवर्ड देऊन. आजकालच्या बहुतेक राउटरवर `Guest Network` असतं. ब्रॉडबँडवाल्याने दिलेल्या काही राउटरवर ते नाव सापडत नाही, तिथे `SSID2` किंवा `Multi-SSID` असं काहीतरी असतं. चालू केल्यावर दोन गोष्टी तपासा. पाहुण्यांना एकमेकांच्या वस्तू दिसू नयेत यासाठी `AP Isolation` चालू हवं, आणि पाहुण्यांना घरच्या नेटवर्कमध्ये शिरू देणारं `Allow guests to access my local network` बंद हवं. नुसत्या `SSID2` मध्ये हे वेगळेपण नसतं असंही होतं. तेव्हा मुलांच्या नेटवर्कवर एक फोन जोडून त्यावरून राउटरचं पान किंवा प्रिंटर उघडतो का पाहा. उघडला तर भिंत नाही.

गेस्टचा पासवर्ड दर बॅचला बदला. घरची उपकरणं दुसऱ्या नेटवर्कवर असल्यामुळे त्यांना त्याचा पत्ताही लागणार नाही, आणि तुम्हाला ज्याचा कंटाळा आला होता ते काम एका चौकटीत नवा शब्द लिहिण्याएवढं उरतं. क्यूआर कोड छापून फळ्याशेजारी लावलात तर सांगत बसायलाही नको. क्लासचा टॅबलेटही गेस्टवरच ठेवा. तो मुलांच्या हातात जातो, आणि घरच्या नेटवर्कचा पासवर्ड साठवलेल्या फोनवरून क्यूआर कोड दाखवून तो दुसऱ्याला देता येतो.

राउटरच्या पानावर आहातच तर आणखी दोन कामं उरकून घ्या. राउटरमध्ये शिरायचा `admin` चा मूळ पासवर्ड बदला, कारण आत आलेल्या मुलाने तोच आधी टाकून पाहिलेला असतो. आणि `WPS`, म्हणजे पासवर्ड न टाकता बटणाने किंवा पिनने वस्तू जोडायची सोय, बंद करा. त्याचा आठ अंकी पिन राउटर दोन तुकड्यांत तपासतो हे २०११ मध्ये उघड झालं, त्यामुळे कोट्यवधी शक्यतांऐवजी जास्तीत जास्त ११,००० शक्यता उरतात. नव्या राउटरांनी त्यावर अडसर घातले आहेत, पण तुम्हाला त्या पिनची गरजच नाही. भाचा आता “मावशी, वायफायचं नाव लपवून ठेवू” म्हणेल. तेही मॅक यादीच्याच जातीचं आहे. राउटर नाव सांगत नसला तरी जोडली जाणारी वस्तू ते बोलून दाखवते.

मॅक यादीचा काहीच उपयोग नाही का? आहे, पण राखणीसाठी नाही. घरातल्या लेकराच्या फोनला रात्री दहानंतर इंटरनेट बंद, किंवा प्रिंटरला कायम एकच आयपी, अशा घरच्या शिस्तीसाठी पत्त्यावरून ओळखणं पुरतं. तिथे फसवणारा असलाच तर घरातलाच असतो, आणि त्याच्याशी बोलता येतं. फक्त त्या फोनचा खासगी पत्ता `Fixed` वर ठेवा, म्हणजे नियम सुटणार नाही. फिल्टर चालू ठेवायची हौस असेल तर चांगल्या पासवर्डच्या वर ठेवा, नुकसान नाही. पण नवा फोन घेतलात, पाहुणे आले, टीव्ही बदलला की दर वेळी राउटरचं पान उघडावं लागेल. मी तरी ठेवणार नाही.

चाचणीत टॅबलेटच्या पत्त्यावर खरंच दुसरं कोणी निघालं, तर त्या पानाचा वेळेसकट फोटो काढून ठेवा आणि मग पासवर्ड लावा. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या नेटवर्कमध्ये शिरणं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ आणि ६६ खाली येतं, त्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. पण दहावीतल्या पोराने फुकट इंटरनेटसाठी केलेला उद्योग असेल, तर तिथवर जाऊ नये असं मला वाटतं. पासवर्ड लागला की तो दोन दिवसांत स्वतःच “मॅडम, नेट चालत नाही का?” विचारत येईल.